यूट्यूब आणि रील्ससाठी एक्सपोर्ट करताना बिटरेट किती ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिटरमध्ये व्हिडिओ एकदम क्लिअर दिसतो, यूट्यूबवर टाकला की चौकोन चौकोन दिसायला लागतात. असं का होतं?

कारण तुम्ही टाकलेली फाइल यूट्यूब कधीच जशीच्या तशी दाखवत नाही. ती फाइल त्यांच्यासाठी फक्त कच्चा माल असते, त्यातून ते १४४पी पासून वरपर्यंतच्या सगळ्या साइजच्या नवीन कॉप्या स्वतःच बनवतात आणि बघणाऱ्याला त्यातली एखादी कॉपी मिळते. म्हणजे तुमच्या एक्सपोर्टमध्ये एकदा कॉम्प्रेशन झालं आणि यूट्यूबवर दुसऱ्यांदा झालं.

आता कॉम्प्रेशन काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम किंवा चिप, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेमसाठी फक्त काय हललं, कुठे सरकलं एवढंच लिहून ठेवतो. माणूस खुर्चीत बसून बोलतोय तर मागची भिंत हलतच नाही, त्यामुळे कमी डेटात काम भागतं. पण विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळला की त्यातला प्रत्येक कण वेगळ्या दिशेला जातो, आधीच्या फ्रेमवरून पुढची ओळखताच येत नाही, आणि दर सेकंदाला मिळालेला डेटा, म्हणजेच बिटरेट, अपुरा पडला की एन्कोडर बारकावे टाकून देतो. तेच ते चौकोन. पाऊस, धबधबा, समुद्राच्या लाटा, झाडाची हलणारी पानं, कॉन्फेटी, सगळीकडे हाच त्रास.

यूट्यूब पुन्हा दाबणारच आहे तर मी बिटरेट वाढवून काय फायदा?

हा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर असं आहे की फायदा आहे, पण एका हद्दीपर्यंतच.

तुमची फाइल कमी बिटरेटची असेल तर तिच्यात आधीच चौकोनांच्या कडा आलेल्या असतात, अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या भोवती ती बारीक वळवळ आलेली असते. यूट्यूबच्या एन्कोडरला हे कळत नाही की ही घाण आहे, त्याला वाटतं हाच सीन आहे, आणि तो त्याच्याकडचा मोजका डेटा त्या कडा जपण्यात घालवतो. मग खऱ्या बारकाव्यांना अजून कमी उरतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की पहिल्या कॉपीतले डागसुद्धा दुसरीत येतात तसंच.

म्हणून आपलं टार्गेट एकच, आपल्या फाइलमध्ये डोळ्याला दिसेल असं काहीही खराब झालेलं नसावं, म्हणजे जे काही नुकसान होईल ते फक्त यूट्यूबच्या बाजूचं. ही पातळी गाठली की त्याच्यावर बिटरेट कितीही वाढवा, अपलोडला वेळ जास्त लागेल बाकी काही होणार नाही. १०० एमबीपीएसची फाइल टाकली म्हणून यूट्यूब तुमच्या व्हिडिओला जास्त बिटरेट देत नाही, ते रिझोल्युशन, फ्रेम रेट आणि कोडेक म्हणजे दाबायची पद्धत यांवर ठरतं.

बरं, मग आकडा सांगा.

यूट्यूबने स्वतः अपलोडसाठी जे सुचवलंय ते साध्या म्हणजे एचडीआर नसलेल्या व्हिडिओसाठी असं आहे: १०८०पी ला २४, २५ किंवा ३० फ्रेम असतील तर ८ एमबीपीएस, ५० किंवा ६० फ्रेम असतील तर १२. १४४०पी ला १६ आणि २४. ४के ला ३५ ते ४५, आणि जास्त फ्रेम असतील तर ५३ ते ६८.

माझं स्पष्ट मत आहे की हे आकडे किमान म्हणून धरा. बोलणारा माणूस, रेसिपी, स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर ८ पुरतात, पण मिरवणूक, क्रिकेट, पाऊस, ट्रेकिंग असलं काही असेल तर दुप्पट ते चौपट ठेवा, म्हणजे १०८०पी २५ फ्रेमला २० ते ३० एमबीपीएस. मोबाईलच्या किंवा लॅपटॉपच्या हार्डवेअर एन्कोडरने एक्सपोर्ट करत असाल तर वरच्या टोकाला राहा, कारण हार्डवेअर एन्कोडर फास्ट असतो पण तेवढ्याच बिटरेटला सॉफ्टवेअर एन्कोडर सहसा जास्त स्वच्छ चित्र देतो.

आणि मूळ शूट किती बिटरेटचं आहे ते पण बघा. मोबाईलने मुळात १७ एमबीपीएसला शूट केलंय तर १०० ला एक्सपोर्ट करून नवीन डिटेल येणार नाहीयेत. मूळपेक्षा थोडं जास्त ठेवा, दीडपट वगैरे, कारण दुसऱ्यांदा एन्कोड करताना तेवढंच चित्र टिकवायला जरा जास्तच लागतं. बास.

१०८०पी व्हिडिओ १४४०पी करून टाकायचा सल्ला सगळे देतात. खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि बऱ्याच वेळा बिटरेटपेक्षा जास्त पडतो. गुलालाचा शॉट १०८०पी मध्ये २० वरून ६० एमबीपीएस करून काही झालं नाही आणि १४४०पी केल्यावर एकदम सुधारला असं लोक म्हणतात ते यामुळेच.

कारण असंय की यूट्यूबकडे वेगवेगळे कोडेक आहेत. छोट्या चॅनलच्या १०८०पी व्हिडिओला बहुतेकदा जुना H.264 मिळतो, आणि १४४०पी किंवा त्याच्या वर टाकलं की VP9 मिळतो, जो तेवढ्याच डेटात जास्त चांगलं चित्र ठेवतो. महत्त्वाचं म्हणजे १४४०पी टाकलेल्या व्हिडिओची १०८०पी कॉपी पण सहसा VP9 मध्येच बनते, त्यामुळे समोरचा मोबाईलवर १०८०पी लावून बघत असला तरी त्याला फायदा मिळतो. आणि जो १४४०पी लावतो त्याला बिटरेटच जास्त मिळतो.

मात्र हे लक्षात घ्या की १४४०पी केल्याने तुमचं फुटेज शार्प होत नाही, फक्त त्याची नासाडी कमी होते. आणि मूळ ४के शूट असेल तर उगाच १०८०पी टाइमलाइनवर आणून परत मोठं करू नका, टाइमलाइनच ४के ची घ्या आणि सरळ ४के एक्सपोर्ट करा.

कुठला कोडेक मिळाला ते बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून Stats for nerds उघडा. Codecs या ओळीत avc1 दिसलं तर H.264, vp09 दिसलं तर VP9, av01 दिसलं तर AV1.

एखादं पूर्ण उदाहरण द्या ना, आकड्यांसकट.

समजा ढोल-ताशा पथकाचा ३ मिनिटांचा व्हिडिओ आहे, कॅमेऱ्यावर १०८०पी ५० फ्रेमला शूट केलाय, संध्याकाळची वेळ, मध्ये ध्वज नाचतायत आणि शेवटी गुलाल.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा की ५० फ्रेम खरंच पाहिजेत का. स्लो मोशनसाठी ५० ला शूट केलं असेल तर स्लो झालेले शॉट टाइमलाइनवर २५ लाच चालतात. २५ ला एक्सपोर्ट केलं की यूट्यूबला निम्म्याच फ्रेम दाबायच्या असतात आणि बिटरेट काही निम्मा होत नाही, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला जास्त येतं. गुलालाच्या शॉटला हा फरक सरळ दिसतो. ढोलाच्या टिपऱ्यांची ती सळसळती गती ५० लाच हवी असेल तर ठेवा, पण मग किंमत माहीत असू द्या.

आपण २५ धरू. आता फाइल साइजचं गणित सोपं आहे, एमबीपीएस गुणिले सेकंद भागिले ८. ८ एमबीपीएसला १८० सेकंदांची फाइल १८० एमबी होते. गुलालाच्या शॉटवर ती एडिटरच्या बाहेर साध्या प्लेअरमध्ये थांबवून बघितली तर ढोलावरचे दोर आणि मागची गर्दी एकमेकांत मिसळलेली दिसेल, म्हणजे फाइल आपल्याकडेच खराब झाली. ही यूट्यूबला देऊन काही मिळणार नाही.

म्हणून एडिटरमधून आधी एक मोठी मास्टर फाइल काढायची, ProRes किंवा DNxHR असा कमी दाबणारा कोडेक असेल तर उत्तमच, नाहीतर H.264 ला ८० ते १०० एमबीपीएस. मग त्याच्यावरून १४४०पी ची अपलोड फाइल. एफएफएमपेग हे कमांडवर चालणारं टूल वापरत असाल तर:

```
ffmpeg -i master.mov -vf scale=2560:1440:flags=lanczos \
-c:v libx264 -preset slow -crf 16 -pix_fmt yuv420p \
-c:a aac -b:a 384k -ar 48000 -movflags +faststart upload.mp4
```

यात बिटरेटचा आकडाच नाहीये, CRF म्हणजे क्वालिटी फिक्स आणि डेटा लागेल तेवढा. शांत शॉटला कमी जातो, गुलालाला भसाभस जातो. १६ ते १८ मध्ये ठेवा, आकडा जेवढा लहान तेवढी फाइल मोठी. शेवटचं faststart एवढ्यासाठी की फाइलची माहिती सुरुवातीला येते, यूट्यूब पण तेच सुचवतं.

एडिटरमधूनच थेट काढायची असेल तर रिझोल्युशन २५६० बाय १४४०, फ्रेम रेट २५, H.264 हाय प्रोफाइल, व्हेरिएबल बिटरेट, टार्गेट ४०. फाइल साधारण ९०० एमबी होईल.

९०० एमबी? माझं नेट एवढं नाहीये.

अपलोड स्पीड २ एमबीपीएस असेल तर ९०० एमबीला तासभर जाईल, १८० एमबीला १२ मिनिटं. मोबाईल डेटावर तर दिवसाचं पॅक त्यातच संपायचं.

अशा वेळी H.265 ला एक्सपोर्ट करा, यूट्यूब ते घेतं आणि बऱ्याच कमी बिटरेटला तेवढंच चित्र टिकतं, ४० च्या जागी २४ ठेवले तर ५४० एमबी. एक्सपोर्टला वेळ जास्त लागतो एवढंच. पण जागा वाचवायची म्हणून सरळ ८ वर उतरू नका, ते गुलालाच्या व्हिडिओला तरी नकोच.

व्हेरिएबल की कॉन्स्टंट, वन पास की टू पास?

व्हेरिएबल. टू पास म्हणजे एन्कोडर आधी पूर्ण व्हिडिओ तपासतो आणि मग दाबतो, तो तेव्हाच कामाचा जेव्हा फाइल साइजवर बंधन आहे आणि बिटरेट ताणलेला आहे. ४० एमबीपीएस देत असाल तर वन पास आणि टू पासमधला फरक अपलोडनंतर दिसायचा नाही.

एक्सपोर्टचं सगळं बरोबर आहे तरी व्हिडिओ फाटतोच. अजून काय?

मग गडबड एक्सपोर्टच्या आधी आहे, आणि इथे लोक फारच कमी लक्ष देतात.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नॉइज. रात्री आयएसओ वाढवून शूट केलं की काळ्या आकाशात बारीक दाणे नाचत असतात, प्रत्येक फ्रेमला वेगळे. एन्कोडरसाठी ते गुलालासारखेच, त्याला सांगता येत नाही की हे दाणे बिनकामाचे आहेत. त्याचा अर्धा डेटा रिकाम्या आकाशावर जातो आणि समोरच्या माणसाचा चेहरा मेणासारखा होतो. एक्सपोर्टच्या आधी हलका डिनॉइज मारा, आणि वरून फिल्म ग्रेनचा इफेक्ट टाकला असेल तर यूट्यूबसाठी तो काढाच. शार्पनिंग पण कमी ठेवा, ते नॉइजलाच धार लावतं.

दुसरं, शटर स्पीड. २५ फ्रेमला १/५० ठेवलं की हलत्या गोष्टीला नैसर्गिक ब्लर येतो आणि ब्लर दाबायला सोपा जातो. भर उन्हात ऑटोवर १/१००० ला शूट झालं की पावसाचा थेंबन्‌थेंब वेगळा उमटतो, आणि मग कितीही बिटरेट द्या, यूट्यूबवर तो शॉट तुटणारच. त्यासाठी लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावतात.

तिसरं, आकाशात किंवा भिंतीवर पट्टे पट्टे दिसणं. हे चौकोनांपेक्षा वेगळं आहे, ८ बिटमध्ये हळूहळू बदलणारा रंग कमी पायऱ्यांत बसवावा लागतो आणि कॉम्प्रेशन त्यातल्या पण काही पायऱ्या खातं. इथे उलट अगदी थोडासा ग्रेन मदत करतो, पण तो फक्त त्या शॉटपुरता, पूर्ण व्हिडिओवर नको.

कुठला शॉट फाटणार हे अपलोड करायच्या आधी कळेल का?

अंदाज नक्की येतो. मास्टर फाइल मुद्दाम ३ एमबीपीएसला दाबून बघा:

```
ffmpeg -i master.mov -vf scale=1920:1080 -c:v libx264 \
-pix_fmt yuv420p -b:v 3M -maxrate 4M -bufsize 8M -an test.mp4
```

यूट्यूबचा एन्कोडर हुबेहूब असाच वागेल असं नाही, पण जे शॉट इथे तुटतात तेच तिथे आधी तुटतात. मग त्या शॉटचं काय करायचं ते ठरवा, डिनॉइज करा, थोडा छोटा करा, किंवा ज्यात कॅमेरा कमी हलतोय असा दुसरा टेक घ्या. गुलालाचा शॉट ६ सेकंदांचा असेल आणि फाटत असेल तर अडीच सेकंदांचा करा, बघणाऱ्याच्या डोळ्याला फाटलेलं समजायच्या आत पुढचा शॉट येतो.

आत्ताच अपलोड केलाय आणि एकदम घाण दिसतोय, डिलीट करून परत टाकू का?

थांबा. यूट्यूब आधी कमी रिझोल्युशनच्या कॉप्या तयार करतं, एचडी आणि ४के च्या नंतर येतात, मोठ्या व्हिडिओला काही तास पण लागतात. प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड ठेवून अपलोड करा, क्वालिटीच्या मेनूमध्ये १४४०पी दिसायला लागलं की तपासा आणि मगच पब्लिक करा. डिलीट करून तीच फाइल परत टाकली तर तीच प्रक्रिया पहिल्यापासून सुरू होते.

नुकसान माझ्या फाइलमध्ये झालंय की यूट्यूबने केलंय हे कसं ओळखायचं?

अपलोड केलेली तीच फाइल, मास्टर नाही, कॉम्प्युटरवर प्लेअरमध्ये उघडा, सगळ्यात कठीण शॉटवर थांबा, आणि यूट्यूबवर क्वालिटी हाताने निवडून त्याच फ्रेमवर थांबा. ऑटोवर ठेवून तुलना करू नका, तिथे ४८०पी चालू असू शकतं. तुमच्या फाइलमध्येच कडा तुटलेल्या असतील तर एक्सपोर्ट सुधारा. तुमची स्वच्छ आणि यूट्यूबची खराब असेल तर बिटरेट वाढवून काही होणार नाही, मग रिझोल्युशन, फ्रेम रेट आणि नॉइज याच तीन जागा आहेत.

इन्स्टाग्राम रील्सला पण १४४०पी किंवा ४के टाकू का?

नाही, तिथे उलटं आहे. रील १०८० बाय १९२० लाच बनवा, ३० फ्रेम, H.264, बिटरेट १० ते २० एमबीपीएस. ४के टाकलं तर ते छोटं करण्याचं काम इन्स्टाग्राम करणार, आणि ते त्यांच्या पद्धतीने होणार. तेच काम तुमच्या एडिटरने केलं तर निदान रिझल्ट तुमच्या डोळ्यासमोर असतो. ६० फ्रेमचं पण तसंच, आधीच ३० करून टाका.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डेटा वापर आणि मीडिया क्वालिटीच्या भागात हायेस्ट क्वालिटीला अपलोड करायचा ऑप्शन असतो, तो चालू करा.

अजून एक गोष्ट, इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की जो व्हिडिओ फारसा बघितला जात नाही तो कमी क्वालिटीला नेला जातो आणि परत बघायला लागले तर पुन्हा चांगल्या क्वालिटीला आणला जातो. त्यामुळे जुनी रील आज खराब दिसतेय म्हणून एक्सपोर्ट सेटिंगमध्ये शोध घेत बसू नका.

आयफोनवरचा व्हिडिओ टाकला की फिकट, धुतल्यासारखा दिसतो. हे पण कॉम्प्रेशन का?

नाही, हे एचडीआर. फोनने एचडीआरमध्ये शूट केलं आणि एडिटरने ते नीट बदलून न घेता साध्या रंगात एक्सपोर्ट केलं की असं होतं. शूट करतानाच एचडीआर बंद करा, किंवा एडिटरमध्ये टाइमलाइन Rec.709 म्हणजे साध्या रंगांची ठेवून क्लिपचं रूपांतर होतंय ना ते बघा.

एडिटिंग करणाऱ्याने व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि मी तिथून सेव्ह करून यूट्यूबवर टाकला, चालेल ना?

नाही चालणार, आणि वरचं सगळं केलेलं यात वाया जातं. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ म्हणून पाठवलं की एचडी निवडलं तरी तो पुन्हा दाबला जातो. एक्सपोर्ट, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, असं तीनदा कॉम्प्रेशन होतं आणि मधलं सगळ्यात वाईट. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तिथे २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. ड्राइव्हवर टाकली असेल तर तिथे प्ले करून स्क्रीन रेकॉर्ड करू नका, डाउनलोडच करा. फाइल आल्यावर साइज दोन्हीकडे सारखीच आहे ना ते विचारून घ्या. तिकडून ९०० एमबी निघाली आणि तुमच्याकडे ४० एमबी आली असेल तर ती परत मागवा.